तीनतालाची खाली नवव्या मात्रेवर, मग तिथे धा कसा?

मीरा_पंचवटी (धागाकर्ती), रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपासून तबला शिकतेय. वय ३६, नोकरी करून आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी गंगापूर रोडला क्लासला जाते. वर्गात बाकी सगळी शाळकरी मुलं आहेत. येत्या सत्रात प्रारंभिकची परीक्षा द्यायची आहे.

तीनतालाचा ठेका पाठ आहे:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

सम पहिल्या मात्रेवर, टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. हेही पाठ आहे. पण मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की खालीला डग्गा नसतो. आता हाताने ताल देत ठेका म्हणते तेव्हा नवव्या मात्रेवर हात मोकळा सोडते आणि तोंडात येतो धा, म्हणजे डग्ग्यासकट बोल. तेराव्या मात्रेवर टाळी देते आणि तोंडात येतो ता, म्हणजे डग्ग्याशिवाय. हात एक सांगतोय आणि डग्गा दुसरंच. सरांना विचारलं तर म्हणाले, आधी पाठ करा, पुढे कळेल. पाठ झालंय, कळलेलं नाही.

दुसरी अडचण याच्याशीच जोडलेली असावी. मोबाइलवर लेहरा लावून ६० च्या लयीत ठेका धरते. तीन-चार आवर्तनं नीट जातात आणि मग कधीतरी माझी सम आणि लेहऱ्याची सम वेगवेगळ्या जागी पडते. चुकलं हे कळतं, पण कुठे चुकलं ते कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

---

सातपूरकर, रविवार, रात्री १०.१५

ताई, यात गोंधळण्यासारखं काही नाही. पुस्तकात छापलेला ठेका चुकीचा आहे. नवव्या मात्रेवर धा नाही, ता आहे. ता तिं तिं ता. मी देवळालीला ज्यांच्याकडे शिकलो ते गुरुजी कायम असाच वाजवायचे. खाली म्हणजे डग्गा बंद. ९ ते १२ डग्गा उचलून ठेवायचा, १३ ला टाळी आली की परत वाजवायचा. तेराव्यावर धा घ्या, म्हणजे हात आणि बोल जुळतील.

---

ढोलवाला_आदित्य, रविवार, रात्री १०.३०

मी ढोल पथकात आहे, तबला येत नाही, पण हा धागा बघून विचारतो. आमच्याकडे ढोलाला एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप असते. थाप बंद ठेवून नुसतं टिपरू वाजवलं तर ती खाली झाली का? की खाली म्हणजे हलक्या हाताने वाजवायचं? पथकात दादा ओरडतात, "खाली घ्या, खाली घ्या", तेव्हा आम्ही आवाज कमी करतो.

---

ठेकेदार_काका, रविवार, रात्री ११.२०

मीराताई, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने ठेका नीट ऐकलेला नसतो. मी चाळीस वर्षं गायनाच्या साथीला बसतोय, तरी याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी आदित्य, तुझं. खालीचा आवाजाच्या कमी-जास्तपणाशी संबंध नाही. तुमचे दादा म्हणतात ते "आवाज खाली घ्या" या अर्थाने. तालातली खाली म्हणजे आवर्तनातली ठरलेली जागा, मोकळ्या हाताने दाखवायची. तीनतालात नववी मात्रा कितीही जोरात वाजवली तरी ती खालीच राहते. थाप सोडून नुसतं टिपरू, हे मात्र डग्गा बंद ठेवण्याच्या जवळचं आहे. पण ती खाली व्हायला दर फेरीत तीच जागा ठरलेली हवी.

सातपूरकर, नवव्या मात्रेवर ता वाजवणारे चांगले तबलजी आहेत हे खरं. पण म्हणून धा चुकीचा ठरत नाही, आणि तेराव्यावर धा घ्या हा तुमचा सल्ला मात्र मी कुणालाच देणार नाही. कारण सांगतो. खालीला डग्गा नसतोच असा नियम असता तर दादऱ्याचं काय करायचं? धा धीं ना । धा तीं ना. खाली चौथ्या मात्रेवर, आणि चौथ्या मात्रेवर धा आहे. एकतालात पहिली खाली तिसऱ्या मात्रेवर, तिथे धागे आहे. उलट त्याच एकतालात पाचव्या मात्रेला टाळी आहे आणि तिथे तू वाजतो, डग्ग्याशिवाय. झपतालात मात्र खाली सहाव्या मात्रेवर आणि तिथे बरोबर तीं आहे. केरव्यातही पाचव्यावर ना. म्हणजे काही तालांत हात आणि डग्गा जुळतात, काहींत नाही. याला छापील चूक म्हणता येणार नाही.

खरी गोष्ट अशी की हाताची टाळी-खाली आणि तबल्याचा ठेका ही दोन वेगवेगळी कामं आहेत. हाताने ताल धरणं तबल्याच्या कितीतरी आधीचं. भरताच्या नाट्यशास्त्रात सशब्द आणि निःशब्द क्रिया आहेत. आवाज होतो ती सशब्द, होत नाही ती निःशब्द. आपली खाली ही त्या निःशब्द क्रियेच्या जातीची. ठेके फार नंतर आले आणि ते वाजवणाऱ्यांच्या हातातून घडले.

आता तीनतालाकडे. ठेका पहिल्या मात्रेपासून लिहितात म्हणून आपण त्याचे चार-चारचे डबे पाडतो. एकदा दुसऱ्या मात्रेपासून म्हणून बघा:

धिं धिं धा धा । धिं धिं धा धा । तिं तिं ता ता । धिं धिं धा धा

काय झालं बघा. आता चार वाक्यं झाली आणि प्रत्येक वाक्य एकाच जातीचं आहे. पहिलं पाचव्या मात्रेवर येऊन टेकतं, दुसरं नवव्यावर, तिसरं तेराव्यावर आणि चौथं पुढच्या आवर्तनाच्या समेवर. नववा धा हा खालीच्या खंडाची सुरुवात म्हणून ऐकू नका, दुसऱ्या वाक्याचा शेवट म्हणून ऐका. वाक्य डग्ग्यासकट चाललं होतं, म्हणून शेवटही डग्ग्यासकट. तेरावा ता हा तसाच तिसऱ्या, डग्ग्याशिवायच्या वाक्याचा शेवट. आणि सम ही सुरुवात असली तरी कानाला ती पोहोचण्याची जागा वाटते, त्याचं कारणही हेच.

म्हणून डग्गा प्रत्यक्ष गप्प असतो तो १०, ११, १२, १३ या चार मात्रा. हात खाली दाखवतो नवव्यावर, ती ऐकू येते दहाव्यापासून.

---

कथक_आई, सोमवार, सकाळी ७.५०

माझी मुलगी इंदिरानगरला कथक शिकते. त्यांच्या तत्कारात ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत् असं आहे आणि ते दोनदा केलं की तीनताल होतो असं तिच्या ताई सांगतात. मग त्यात खाली कुठे आहे? दुसऱ्यांदाही तेच बोल आहेत. मुलीला तिसऱ्या ओळीला हात वर करायला लावतात. परीक्षेत टाळी-खाली विचारतात का?

---

ठेकेदार_काका, सोमवार, दुपारी १.१०

ताई, परीक्षेत हाताने ताल द्यायला लावतात, कथकलाही आणि तबल्यालाही. तुमचं उदाहरण या धाग्याला फार उपयोगी आहे. तत्काराच्या बोलात खाली ऐकूच येत नाही. पहिले आठ आणि दुसरे आठ सारखेच. ती फक्त हातात असते, आणि तबल्यावर बसलेल्याच्या ठेक्यात. म्हणूनच नाचणाऱ्या मुलीला ठेका ऐकायला शिकवावं लागतं. पायांच्या बोलांवरून ती आवर्तनाच्या कोणत्या अर्ध्यात आहे हे तिला कळणार नाही. डग्गा थांबला की कळेल.

---

पेटी_आणि_मी, सोमवार, रात्री ८.०५

मी लेहरा धरतो, त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

आम्हाला खाली का लागते ते बघा. मध्यलयीतल्या तीनतालाच्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. गाणाऱ्याला आठ मात्रांचा मुखडा घेऊन समेवर यायचं असतं. आलाप किंवा तानेतून परत येताना त्याचा कान तबल्याकडे असतो, बोटं मोजायला वेळ नसतो. डग्गा बंद झाला की त्याला समजतं, नववी नुकतीच गेली. तेवढ्यात मुखडा पकडता नाही आला तर तो आणखी एक आवर्तन घेतो. तबलजीने खालीत चुकून डग्गा घातला की गायक हमखास गडबडतो, हे मी समोर बसून पाहिलंय. म्हणून सातपूरकरांचा तेराव्यावर धा नको. त्याने डग्गा एक मात्रा लवकर परत येतो, आणि ज्याचा कान "डग्गा आला की चौदावी" असा तयार झालाय तो एक मात्रा आधी समेवर आदळतो.

दुसरी गोष्ट, काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून. दुसऱ्या मात्रेपासून ठेका म्हणणं मला पटतं, पण पाच महिन्यांच्या विद्यार्थ्याला ते देऊ नये असं माझं मत आहे. माझ्याकडे लेहऱ्यावर सराव करायला येणाऱ्या एका मुलाने महिनाभर तसं म्हटलं आणि त्याची सम सरळ दुसऱ्या मात्रेवर सरकली. धिं जोरात, धा मागे. मोडायला फार दिवस गेले.

---

ठेकेदार_काका, सोमवार, रात्री ९.००

धोका खरा आहे. हात समेवर टाळी देतोय आणि तोंड दुसरीपासून वाक्य म्हणतंय, असं दोन्ही एकत्र केलं तर सम सरकत नाही असा माझा अनुभव. टाळी न देता नुसतं म्हटलं तर सरकते. पण तुमच्याकडे उदाहरण आहे, मी ते नाकारत नाही. मीराताईंनी हे फक्त ऐकण्यासाठी वापरावं, वाजवताना ठेका समेपासूनच धरावा.

---

मीरा_पंचवटी, सोमवार, रात्री ९.५०

काका, दुसऱ्या मात्रेपासून म्हणून बघितलं. टाळी देतच म्हटलं. नवव्यावर हात मोकळा सुटतो आणि धा धा मधला दुसरा धा तिथे टेकतो, हे पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. मनापासून आभार.

पण लेहऱ्यावर अजूनही चुकतेच. आणि एक नवीन गोंधळ. क्लासमधल्या वहीत समेखाली × आहे आणि खालीला ०. टाळ्यांना २ आणि ३. मैत्रिणीने जुनं पुस्तक दिलंय त्यात समेखाली १ आहे, पुढे ५ आणि १३, आणि नवव्या मात्रेखाली + आहे. मी तो + सम समजून दोन दिवस नवव्या मात्रेवर सम धरत होते!

---

जुनं_नाशिक, सोमवार, रात्री १०.३०

तो पलुस्कर पद्धतीचा + आहे, ताई. वहीतली भातखंडे पद्धत. भातखंडे पद्धतीत सम ×, खाली ०, आणि बाकीच्या टाळ्यांना टाळीचा क्रमांक, म्हणून २ आणि ३. पलुस्कर पद्धतीत सम १, खाली +, आणि टाळी ज्या मात्रेवर पडते त्या मात्रेचा आकडा, म्हणून ५ आणि १३. काही जण समेसाठी × ऐवजी + काढतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पुस्तक उघडलं की आधी पहिल्या मात्रेखाली काय आहे ते बघायचं. १ असेल तर + म्हणजे खाली.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या नाशकात काढली. पंचवटीतला राम नाम आधार आश्रम त्यांचाच. १९३१ ला ते गेले. तुम्ही पंचवटीत बसून ज्या + पाशी अडलात ती खूण त्यांच्या पद्धतीतली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, म्हणून लिहिली.

---

सातपूरकर, मंगळवार, सकाळी ८.२०

काल रात्री गुरुजींच्या जुन्या कॅसेटवरून केलेलं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. नववी मात्रा ता, हे मी बरोबर सांगितलं होतं. पण तेरावीही ता आहे. मी इतकी वर्षं तेराव्यावर धा वाजवत आलो, ते कुठून शिकलो माहीत नाही. बहुधा टाळीच्या नादाने हात पडत असावा. मीराताई, तेराव्याबद्दल मी चुकीचं सांगितलं. नवव्याबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. ता घेतला की खाली जिथे दाखवतो तिथेच ऐकू येते, आणि नवशिक्याला तेच सोपं.

---

ठेकेदार_काका, मंगळवार, दुपारी २.४०

सातपूरकर, तुम्ही रेकॉर्डिंग काढून ऐकलंत, हे फार चांगलं केलंत. तुमच्या गुरुजींच्या पद्धतीत डग्गा ९ ते १३ अशा पाच मात्रा गप्प राहतो, पुस्तकातल्या पद्धतीत चार. दोन्हीकडे तो परततो चौदाव्यावरच. कोणती पद्धत सोपी यावर मी वाद घालणार नाही. मीराताईंनी त्यांच्या सरांची धरावी, एवढंच.

आता लेहऱ्यावर चुकण्याचं. ताई, चूक झाली की पहिल्यापासून सुरू करू नका. तिथेच चूक वाचायची असते. लेहऱ्याची सम ऐकू आली त्या क्षणी तुमच्या हातात कोणता बोल होता, एवढंच लक्षात ठेवायचं. त्यावरून सगळं कळतं.

समजा लेहऱ्याची सम आली आणि तुमच्या हातात ता होता, ज्याच्या पुढे धिं धिं धा यायचंय. म्हणजे तुम्ही डग्ग्याचा खंड दोनऐवजी तीनदा वाजवला. आवर्तन १६ चं २० मात्रांचं झालं. तुमची सम लेहऱ्याच्या पाचव्या मात्रेवर पडणार. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण पहिले दोन खंड हुबेहूब सारखे आहेत आणि दुसरा संपताना मनात शंका येते, हा पहिला होता की दुसरा?

उलट, तुम्ही समेवर पोहोचलात आणि लेहऱ्याची सम त्यानंतर चार मात्रांनी, म्हणजे तुम्ही पाचव्यावर असताना आली, तर तुम्ही एक खंड खाल्ला. १२ मात्रा झाल्या.

आणि फरक एकाच मात्रेचा असेल, म्हणजे लेहऱ्याची सम तुमच्या दुसऱ्या मात्रेवर येत असेल, तर खंड मोजण्यात चूक नाही. तुम्ही कुठेतरी जोडीतला एक बोल गिळलात. चौथा-पाचवा धा धा, आठवा-नववा धा धा, बारावा-तेरावा ता ता, या तीन जागा बघा. दोन सारखे बोल शेजारी आले की हात त्यांचा एक करतो. हीच चूक दर आवर्तनाला होत असेल तर तुमची सम दर फेरीत एकेक मात्रा आधी येत जाते, म्हणून सुरुवातीला लक्षात येत नाही.

उपाय म्हणाल तर वाजवताना तोंडाने मात्रा मोजू नका, सोळा आकडे म्हणायला गेलं की हात अडखळतो. चारच शब्द म्हणा, प्रत्येक खंडाच्या पहिल्या मात्रेवर: सम, दोन, खाली, तीन. तुमच्या वहीतल्या ×, २, ०, ३ या खुणाच आहेत या. "दोन" म्हटलं गेलं असेल तर पुढचा खंड खालीचाच, शंकेला जागा नाही.

६० च्या लयीत एक आवर्तन १६ सेकंदांचं. रोज दहा आवर्तनं रेकॉर्ड करा आणि मग ऐका. तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

---

ढोलवाला_आदित्य, मंगळवार, रात्री ९.१५

काका, तुमचं वाचून मोबाइलवर तीनतालातलं एक गाणं लावलं आणि फक्त डग्गा ऐकत बसलो. घुमणारा आवाज चार ठोके गायब होतो आणि परत येतो. परत आल्यावर १४, १५, १६ मोजलं आणि सम बरोबर मिळाली! तीनदा मिळाली. चौथ्यांदा तबलजी काहीतरी वेगळंच वाजवायला लागला आणि सगळं हरवलं.

---

पेटी_आणि_मी, मंगळवार, रात्री १०.००

आदित्य, तो ठेका सोडून कायदा किंवा तुकडा वाजवत असणार. कायद्यात खालीचा हिशोब थोडा वेगळा असतो. दिल्लीचा सगळ्यांना पहिल्यांदा शिकवतात तो कायदा घे:

धा धा ति ट । धा धा तिं ना । ता ता ति ट । धा धा धिं ना

इथे नवव्या मात्रेवर सरळ ता आहे आणि तेराव्यावर धा. हात आणि डग्गा अगदी जुळलेले. म्हणजे मीराताईंना ठेक्यात जे हवं होतं ते कायद्यात मिळतं. म्हणून डग्गा आला की १४ हा हिशोब फक्त ठेक्यापुरता धर, कायद्यात तो तेराव्यावर परततो. आणि हाच कायदा दुप्पट लयीत वाजला की आठ मात्रांत संपतो, मग डग्गा पाचव्या मात्रेवरच बंद होतो, जिथे हाताची टाळी असते. तबल्याच्या भरवशावर सम शोधणाऱ्याने अशा वेळी लेहरा धरावा. लेहरा बदलत नाही.

---

मीरा_पंचवटी, शुक्रवार, रात्री १०.२०

तीन दिवस केलं, म्हणून लिहायला आले.

बुधवारी दहा आवर्तनं रेकॉर्ड केली, तोंडाने काही न म्हणता, आधीसारखीच. तीन जागी चुकले. पहिल्या दोन वेळा लेहऱ्याची सम आली तेव्हा माझ्या हातात ता होता, म्हणजे काका म्हणतात तसा डग्ग्याचा खंड तीनदा झाला होता. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं, आठव्या धाच्या आधी हात किंचित थबकतो. शंका तिथेच येते. तिसरी चूक वेगळी होती. फरक एकाच मात्रेचा. शोधलं तर बाराव्या-तेराव्या ता ता चा एकच ता झालेला.

गुरुवारपासून सम, दोन, खाली, तीन म्हणत वाजवते. तीनदा खंड वाजण्याची चूक त्या दिवशी एकदाही झाली नाही, आज एकदा झाली आणि तीही बोलायची थांबले तेव्हा. ता ता चा गोंधळ मात्र तसाच आहे. तेराव्यावर "तीन" म्हणते आणि ता हलका पडतो किंवा नाहीसाच होतो.

आज क्लासमध्ये सरांना दुसऱ्या मात्रेपासूनचा ठेका म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा म्हणायला लावला, मग स्वतः तबल्यावर वाजवून बघितला आणि म्हणाले, परीक्षेत असं म्हणू नका, पण घरी म्हणा. नवव्या मात्रेवर धा की ता, तेही विचारलं. म्हणाले, ते स्वतः दोन्ही वाजवतात. विलंबितात धा, लय वाढली की कधी ता, आणि का ते सांगता येत नाही, हाताला तसं येतं.

---

ठेकेदार_काका, शुक्रवार, रात्री ११.०५

तेराव्याचा ता गळतोय कारण तुम्ही तिथे टाळीसारखा जोर शोधताय आणि डग्गा नसल्यामुळे तो मिळत नाही. मग हात तो बोल सोडूनच देतो. फक्त ही चार अक्षरं वेगळी काढा: तिं तिं ता ता. डावा हात डग्ग्यावर सपाट ठेवून द्या, उचलू नका, आणि उजव्याने दोन्ही ता किनारीवर सारखे स्वच्छ येईपर्यंत ६० च्या लयीत वाजवा. मग पुढे धिं जोडा. पाचवा बोल. तेवढाच एक. तो धिं घुमला की लगेच थांबा आणि पुन्हा तिं पासून.

नवव्याचं तुमचे सर म्हणाले तसंच माझंही आहे. विलंबितात धा घेतो. का, ते मलाही नीट सांगता आलेलं नाही. दुसऱ्या वाक्याचा शेवट म्हणून घेतो असं मी वर लिहिलं खरं, पण द्रुतात तेच वाक्य असूनही हात ता कडे का जातो, याला माझं उत्तर पुरत नाही. कुणाकडे असेल तर लिहावं.

---

सातपूरकर, शनिवार, सकाळी ७.३०

काका, गुरुजींची ती कॅसेट विलंबित आहे आणि त्यात ताच आहे.